चेहरा डावा, हातपाय उजवे

अठ्ठावन्न वर्षांचे एक गृहस्थ. ब्लडप्रेशर जुनं, गोळ्या आठवतील तेव्हा घ्यायच्या, तंबाखू मात्र न चुकता. एके दिवशी सकाळी उठताना एकाएकी गरगरलं, दोन उलट्या झाल्या. चालायला गेले तर तोल सारखा डावीकडे जाऊ लागला. घरच्यांना वाटलं, पित्त झालंय. दुपारी चहा दिला तर घोट नाकातून बाहेर आला, ठसका लागला. आवाज घोगरा झाला आणि उचकी थांबेना. दुसऱ्या दिवशी मुलाने धरून आंघोळ घातली तेव्हा आणखी एक विचित्र गोष्ट लक्षात आली. डाव्या पायावर पाणी गरम लागत होतं, उजव्या पायावर तेच पाणी गरम की गार हे कळतच नव्हतं.

तपासताना दिसलं ते असं. डावी पापणी किंचित उतरलेली, डाव्या डोळ्याची बाहुली उजवीपेक्षा बारीक. टाचणी डाव्या गालावर बोथट लागते, पण मानेखाली बरोबर उलट, उजव्या हातापायावर बोथट लागते. डाव्या हाताचं बोट नाकाकडे नेताना भरकटतं. ‘आ’ करायला सांगितलं की पडजीभ उजवीकडे ओढली जाते. आणि आता जे बिघडलेलं नाही ते: चारही हातापायांत ताकद पूर्ण आहे, डोळे मिटून पायाचा अंगठा वर केला की खाली हे ते अचूक सांगतात, जीभ बाहेर काढली तर सरळ येते.

ही केस एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यासमोर ठेवा. चेहरा डावा, हातपाय उजवे, हे ऐकून तो गोंधळतो आणि बहुतेक वेळा रुग्ण नीट सांगत नसावा असं मानून मोकळा होतो. खरं तर याच विद्यार्थ्याने पहिल्या वर्षी मेड्युलाच्या आडव्या कापाची नावांसकट आकृती काढून चांगले मार्क मिळवलेले असतात. राल्फ जोझेफोविच या अमेरिकी न्यूरॉलॉजिस्टने 1994 साली या भीतीला ‘न्यूरोफोबिया’ म्हटलं आणि तिचं कारणही सांगितलं: मूलभूत विषय शिकलेले असतात, ते रुग्णापाशी वापरता येत नाहीत.

का येत नाहीत, याचं माझ्या मते एक साधं कारण आहे. डिसेक्शन हॉलमध्ये आणि पुस्तकात मेंदू आडव्या चकत्यांत शिकवला जातो. परीक्षेत प्रश्नही तसेच येतात, अमुक पातळीवरचा काप काढा आणि नावं द्या. पण मेंदूपासून पायापर्यंत जाणारे तंतूंचे जुडगे, ज्यांना विद्यार्थी ट्रॅक्ट म्हणतात, ते उभे धावतात. रुग्णाची लक्षणं या उभ्या मार्गांची असतात आणि आजाराची जागा आडव्या चकतीत असते. दोन्हींची गाठ घालायला कुणी शिकवलेलं नसतं. म्हणून गाडी अडलेल्या विद्यार्थ्याने क्रम उलटा करावा. आधी लांबी, मग चकती. आधी रुग्ण, मग पुस्तक. यासाठी साधारण चार आठवडे, रोज तासभर पुरतो.

मध्य रेल्वेने जाणाऱ्याला ही रीत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. कर्जतची गाडीही बंद आणि कसाऱ्याचीही बंद, तर बिघाड कल्याणच्या अलीकडे. कसाऱ्याच्या गाड्या चालू आणि फक्त कर्जतच्या बंद, तर कल्याणच्या पुढे. बिघाड कुणी डोळ्यांनी पाहिलेला नसतो, पण काय बंद आहे आणि काय चालू आहे यावरून जागा काढता येते. मात्र त्यासाठी फाटा कल्याणला फुटतो हे पक्कं माहीत हवं.

पहिल्या आठवड्यात तीनच मार्ग पक्के करायचे. चौथा शिकायचा मोह टाळायचा. कोऱ्या कागदावर वर मेंदूचे दोन अर्ध, मध्ये ब्रेनस्टेमचे तीन मजले म्हणजे मिडब्रेन, पॉन्स आणि मेड्युला, खाली लांब स्पायनल कॉर्ड, एवढंच आखायचं. मग तीन रंगांनी तीन रेघा. प्रत्येक रेघेला एकच महत्त्वाचा प्रश्न विचारायचा: ही बाजू कुठे बदलते?

हालचालीचा हुकूम नेणारा कॉर्टिकोस्पायनल मार्ग मेंदूच्या पृष्ठभागावरून निघतो आणि मेड्युलाच्या अगदी तळाशी त्याचे बहुतेक तंतू पलीकडे जातात. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली तर उजवा हातपाय लुळा का पडतो, याचं उत्तर एवढंच. दुसरा मार्ग वरच्या दिशेने जातो. सांध्याची स्थिती आणि कंपन यांची जाणीव पायातून कॉर्डमध्ये शिरते, त्याच बाजूने मागच्या भागातून वर चढते आणि मेड्युलात पोचल्यावर बाजू बदलते. तिसरा मार्ग वेदना आणि उष्णतेचा, म्हणजे स्पायनोथॅलॅमिक. हा घाई करतो. कॉर्डमध्ये शिरल्यावर एकदोन पातळ्यांतच पलीकडे जातो आणि मग पलीकडूनच वर चढतो.

सगळी गंमत या तिसऱ्याच्या घाईत आहे. दोन मार्ग मेड्युलात बाजू बदलतात, एक खालीच बदलतो. त्यामुळे कॉर्डच्या अर्ध्या भागाला इजा झाली तर काय होईल हे पाठ करावं लागत नाही, कागदावर रेघ मारून वाचता येतं. पाठीच्या मध्यावर उजवा अर्धा भाग कापला गेला, समजा चाकूच्या वाराने. उजवीकडच्या रेघा पाहा. हालचालीचा मार्ग वर बाजू बदलून आलेला आहे, म्हणून उजवा पाय लुळा. स्थितीच्या जाणिवेने अजून बाजू बदललेली नाही, म्हणून तीही उजव्या पायाची गेली. वेदनेचा मार्ग मात्र इथे डाव्या पायाकडून आलेला आहे, म्हणून टाचणी डाव्या पायाला बोथट. लुळा पाय एक, बधिर पाय दुसरा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शार्ल एदुआर ब्राउन-सेकार यांनी हे दाखवून दिलं आणि त्यांचं नाव या स्थितीला कायमचं चिकटलं. विद्यार्थ्याला नाव आधी कळलं तर तो नाव पाठ करतो. म्हणून नाव शेवटी.

पहिला आठवडा जमला की नाही हे ओळखायची खूण आहे. पुस्तक मिटून, कुणीतरी कॉर्डवर कुठेही बोट ठेवावं आणि तुम्ही दोन्ही पायांत काय सापडेल ते कारणासह सांगावं. कारण सांगताना अडखळलात तर उत्तर बरोबर असूनही तो दिवस पुन्हा करायचा.

दुसऱ्या आठवड्यात कॉर्डच्याच केस, पण आता प्रश्न उंचीचा. इथे एक चूक वॉर्डांत वारंवार दिसते. रुग्णाचे दोन्ही पाय अशक्त, कंबरही दुखते, म्हणून कमरेचा एमआरआय काढला जातो. त्यात पन्नाशीच्या माणसात असतात तसे मणक्यांचे किरकोळ बदल दिसतात आणि सगळे निश्चिंत होतात. पण पाय तपासले तर ते ताठ आहेत, गुडघ्यावर हातोडी मारली की पाय जोरात उडतो, तळव्यावर ओरखडा काढला की अंगठा वर जातो. ही कॉर्डच्या किंवा त्याच्याही वरच्या बिघाडाची लक्षणं. आणि मोठ्या माणसात कॉर्ड कमरेच्या पहिल्या मणक्याच्या आसपास संपतो. त्याच्या खाली फक्त नसांचा झुबका असतो. म्हणजे नुसती कंबर पाहून आपण बिघाडाच्या खालची जागा पाहिली.

मग कुठे पाहायचं? टाचणी पायापासून वर आणत जायची आणि ती कुठे नीट टोचू लागते ते पाहायचं. बेंबीची पातळी छातीच्या दहाव्या नसेची, स्तनाग्रांची चौथीची, या दोन खुणा सुरुवातीला पुरेत. पण या रेषेचा अर्थ ‘बिघाड इथेच’ असा घ्यायचा नाही, ‘इथे किंवा याच्या वर’ असा घ्यायचा. बाहेरून दाब येत असेल तर मानेतल्या गाठीची रेषाही छातीवर सापडू शकते. म्हणून हात तपासल्याशिवाय पायांचं निदान लिहायचं नाही.

तिसरा आठवडा ब्रेनस्टेमचा, आणि बहुतेकांची भीती इथलीच. आपले गृहस्थही इथलेच. आता चार नवे धागे जोडायचे. चेहऱ्याची वेदना पाचव्या नर्व्हमधून पॉन्समध्ये शिरते, पण तिथून वर न जाता त्याच बाजूने खाली मेड्युलात उतरते आणि त्यानंतर बाजू बदलते. अनुमस्तिष्क म्हणजे लहान मेंदू शरीराच्या त्याच बाजूचा तोल सांभाळतो. बाहुली मोठी करणारे आणि पापणी थोडी उचलून धरणारे सिंपथेटिक तंतू त्याच बाजूने ब्रेनस्टेमच्या कडेने खाली येतात. आणि टाळू, घसा, स्वरयंत्र हलवणाऱ्या पेशींचा पुंजका मेड्युलात, तोही त्याच बाजूचं काम करतो.

आता एक कागद घ्यायचा. डावीकडे रुग्णाची लक्षणं एकाखाली एक. रोगाचं नाव कुठेही लिहायचं नाही, ‘पक्षाघात’ हा शब्दसुद्धा नाही. प्रत्येक लक्षणापुढे कोणता मार्ग आणि तो कोणत्या बाजूला, किती लांबीवर तुटू शकतो, एवढंच.

उजव्या हातापायाची वेदना गेली. हा मार्ग कॉर्डमध्ये शिरताच पलीकडे गेलेला आहे, म्हणजे बिघाड डावीकडे, मानेच्या वर ते थेट डाव्या मेंदूपर्यंत कुठेही. जागा अजून फार लांबलचक आहे. डाव्या गालाची वेदना गेली. ती उजवीकडे जायच्या आधीच तुटली असणार, म्हणजे डावा पॉन्स, डावी मेड्युला किंवा मानेचा वरचा भाग. एका ओळीने मेंदूचा सगळा वरचा भाग बाद झाला. विद्यार्थ्याला वेडगळ वाटलेली तीच विसंगती, चेहरा डावा आणि हातपाय उजवे, इथे सगळ्यांत कामाची ठरते. चेहऱ्याचे तंतू अजून बाजू बदलायचे आहेत आणि शरीराचे बदलून आलेले आहेत, असे दोघे शेजारी ब्रेनस्टेमच्या खालच्या भागातच भेटतात.

पडजीभ उजवीकडे ओढली जाते. टाळूची सशक्त बाजू तिला आपल्याकडे ओढते, म्हणजे अशक्त बाजू डावी. घोगरा आवाज आणि नाकातून येणारा चहा याच खात्यात. हे काम नवव्या-दहाव्या नर्व्हचं, आणि त्यांचा मजला मेड्युला. पॉन्स गेला, मान गेली. डावा हात भरकटतो आणि तोल डावीकडे जातो: लहान मेंदूकडे जाणारे डावे तंतू. पापणी आणि बाहुली: डावे सिंपथेटिक. गरगरणं आणि उलटी: तोलाच्या नर्व्हच्या पेशी, त्याही तिथेच कडेला. सगळ्या ओळी डाव्या मेड्युलात जमल्या.

पण मेड्युलात कुठे? याचं उत्तर न बिघडलेल्या गोष्टी देतात, आणि नेमक्या त्याच ओळी विद्यार्थी कागदावर लिहीत नाहीत. ताकद शाबूत, सांध्याची जाणीव शाबूत, जीभ सरळ. या तिन्ही गोष्टी मेड्युलाच्या मध्याजवळून जातात. म्हणजे मध्य वाचला, कड गेली. जागा: डाव्या मेड्युलाची बाहेरची बाजू.

ऑस्ट्रेलियातले न्यूरॉलॉजिस्ट पीटर गेट्स यांनी 2005 साली हाच हिशोब ‘चारचा नियम’ म्हणून मांडला. मध्याजवळ चार गोष्टी, त्या इंग्रजी ‘एम’ने सुरू होणाऱ्या, त्यांतली पहिली मोटर म्हणजे हालचालीचा मार्ग. कडेला चार, त्या ‘एस’ने सुरू होणाऱ्या: स्पायनोथॅलॅमिक, स्पायनोसेरेबेलर, पाचव्या नर्व्हचा सेन्सरी भाग आणि सिंपथेटिक. मेड्युलात शेवटच्या चार नर्व्ह, पॉन्समध्ये मधल्या चार, त्याच्या वर पहिल्या चार. एम आणि एस सांगतात मध्य की कड, नर्व्ह सांगते मजला कोणता. आपल्या गृहस्थांच्या चारही ‘एस’ गेल्या आणि नर्व्ह नववी-दहावी. नियम छान आहे, पण तो तिसऱ्या आठवड्यात हाती घ्यावा. पहिल्याच दिवशी घेतला तर त्याचीही पाठ करायची आणखी एक यादी होते.

जागा ठरल्यावरच कारणाकडे वळायचं, आणि तिथे घड्याळ उपयोगी पडतं. क्षणात सुरू झालं तर बहुधा रक्तवाहिनी. काही दिवसांत वाढत गेलं तर सूज किंवा जंतुसंसर्ग. महिनोन्‌महिने सरकत आलं तर गाठ किंवा झीज. आपल्या गृहस्थांचं सगळं एका सकाळी झालं, ब्लडप्रेशर आहे, तंबाखू आहे. मेड्युलाच्या या कडेला रक्त मानेतून चढणाऱ्या व्हर्टिब्रल धमनीकडून आणि तिच्या लहान मेंदूकडे जाणाऱ्या फांदीकडून मिळतं. पुस्तकात फांदीचंच नाव असतं, प्रत्यक्षात अडथळा बहुतेक वेळा मूळ धमनीत सापडतो.

डान्झिगच्या आडोल्फ वॉलेनबर्ग यांनी 1895 साली असाच एक रुग्ण तपासून हीच जागा वर्तवली होती. पुढे रुग्णाच्या मृत्यूनंतर शवविच्छेदन झालं आणि 1901 साली त्यांनी ती जागा खरी ठरल्याचं प्रसिद्ध केलं. माणसाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन निघायला त्यानंतर सत्तर वर्षं जायची होती.

स्कॅन आल्यामुळे हे कसब कालबाह्य झालं, असं विद्यार्थी विचारतात. या केसपुरतं तरी उत्तर सरळ आहे. मेंदूच्या मागच्या-खालच्या भागातला ताजा, छोटा इन्फार्क्ट साध्या सीटीत बहुधा दिसत नाही, आणि पहिल्या एकदोन दिवसांत एमआरआयही कधी कधी स्वच्छ निघतो. ताकद पूर्ण असल्यामुळे ‘अर्धांग नाही’ म्हणून असा रुग्ण कानाचा दोष किंवा पित्त या नावाखाली घरी पाठवला जाण्याची भीती खरी असते. आणि घरी त्याला पाणी पाजलं जातं, ते श्वासनलिकेत उतरतं आणि न्यूमोनिया होतो. गरगरणाऱ्या माणसाच्या दोन्ही गालांना टाचणी लावून पाहणं आणि गिळणं तपासल्याशिवाय तोंडाने काही न देणं, हे दोन्ही जागा ओळखण्यावर अवलंबून आहे.

केस सुटली की ती तिथेच सोडायची नाही, बिघाड हलवून पाहायचा. तोच डाव्या मेड्युलाचा, पण मध्याजवळ नेला तर? हालचालीचा मार्ग अजून वर आहे, बाजू बदलायची आहे, म्हणून उजवा हातपाय लुळा. स्थितीच्या जाणिवेने बाजू बदलून झालेली आहे, म्हणून तीही उजवीकडची गेली. बाराव्या नर्व्हची डावी बाजू अशक्त, म्हणून जीभ डावीकडे वळते, कारण जिभेला सशक्त स्नायू पुढे ढकलतो आणि अशक्त बाजूकडे लोटतो. पडजीभ सशक्त बाजूकडे, जीभ अशक्त बाजूकडे. व्हायवात दर वर्षी मुलं इथे फसतात. एक ओढणारा स्नायू आहे, दुसरा ढकलणारा, हे कळलं की फसायचं कारण उरत नाही. अशा उलट्या कसरतीतून एका केसच्या तीन-चार केस होतात.

चौथ्या आठवड्यात दोन टोकं: वर मेंदूचा पृष्ठभाग आणि खाली नस. हे तुलनेने सोपं आहे. बोलणं गेलं असेल तर बिघाड बहुधा पृष्ठभागाजवळ. बोलणं आणि दृष्टी शाबूत असून चेहरा, हात, पाय सारखेच लुळे, तर खोलवर इंटर्नल कॅप्सूलमध्ये, जिथे सगळे तंतू दाटीने जातात. खालच्या टोकाला, पाऊल लोंबत असेल तर पाऊल आत वळवायला सांगायचं. आत वळवणारी ताकदही कमी असेल तर कमरेतल्या पाचव्या नसेचं मूळ, ती शाबूत असेल तर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला नस दबलेली. पाय दुमडून तासन्‌तास बसणाऱ्यांत हे दुसरं बरंच दिसतं.

या सगळ्या रीतीचा पाया एकच गृहीत आहे: सगळी लक्षणं एकाच जागेची. बहुतेकदा ते खरं ठरतं, नेहमी नाही. जुना स्ट्रोक आणि नवा स्ट्रोक एकाच माणसात असू शकतात. मधुमेहाने पायांच्या नसा आधीच बधिर असतील तर त्या ओळी हिशोबातून वेगळ्या काढाव्या लागतात. डोक्यातला दाब वाढला की सहावी नर्व्ह ताणली जाऊन डोळा आत वळतो आणि बिघाड पॉन्समध्ये आहे असं वाटतं, प्रत्यक्षात गाठ भलतीकडेच असते. शिवाय आपल्या गृहस्थांसारखं सगळं एकत्र क्वचितच भेटतं. बऱ्याच रुग्णांत निम्मीच लक्षणं असतात, कधी गाल वाचलेला, कधी आवाज. म्हणून कागदावर जागा एक लिहायची आणि तिच्याखाली तिच्याशी न जुळणारी लक्षणंही लिहायची. न जुळणाऱ्या ओळी एकाहून जास्त झाल्या तर रुग्ण पुन्हा तपासायचा, मार्ग पुन्हा वाचायचे नाहीत. पहिल्या तपासणीत टाचणी घाईत लावलेली असते, हेच बहुतेक वेळा निघतं.

केससाठी पुस्तक हवं असेल तर हॅल ब्लूमेनफेल्ड यांचं ‘न्यूरोॲनाटॉमी थ्रू क्लिनिकल केसेस’ चांगलं आहे, पण ते जाडजूड आहे. त्यातला सारांश न वाचता केसची हिस्टरी आणि तपासणी वाचावी, पान झाकावं आणि आपली जागा लिहून मगच पुढे जावं. वॉर्डात त्याहून सोपं आहे. केस घ्यायला गेलात तर उशाशी ठेवलेलं एमआरआयचं पाकीट आधी उघडू नका. जागा लिहा, बाजू लिहा, मग पाकीट उघडा. आणि फिल्मवर दिसणारी जागा तुमच्या जागेपेक्षा वेगळी निघाली तर लगेच आपलं खोडू नका, फिल्मवरच्या जागेने रुग्णाची किती लक्षणं समजतात ते मोजा. पन्नाशीपुढच्या माणसाच्या फिल्मवर काही ना काही दिसतंच, ते आजच्या तक्रारीचं कारण असेलच असं नाही.